अक्षरं पुन्हा येणाऱ्या शब्दाच्या वेगवेगळ्या मांडण्या: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कणकवलीत अकरावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवताना दरवर्षी याच शंका, जवळपास याच क्रमानं येतात. त्यामुळे उत्तरं एकदाच लिहून ठेवली आहेत. परीक्षेत शब्द बहुतेकदा इंग्रजी असतो. इथं मुद्दाम मराठी शब्द घेतले आहेत, आणि जोडाक्षर किंवा मात्रेसकटचं अख्खं अक्षर हे एकच मानलं आहे. म्हणजे ‘कणकवली’ची अक्षरं पाच: क, ण, क, व, ली. असं का मानलं, ते खाली एका प्रश्नात येईल. मांडणी अर्थपूर्ण शब्द झाला पाहिजे अशी अट कुठंही नाही.

अक्षरं पुन्हा आली की भागाकार कशासाठी?

‘सर, मगे भागूचा कित्याक?’ हा प्रश्न मागच्या बाकावरून हमखास येतो, आणि सगळ्या विषयात हाच प्रश्न खरा महत्त्वाचा आहे.

संध्याकाळी होड्या परतल्या की जेटीवर जी लगबग असते, ती ‘लगबग’ घेऊ. अक्षरं चार: ल, ग, ब, ग. समजा, यातला एक ग लाल खडूनं लिहिला आणि दुसरा निळ्या. आता चारही अक्षरं वेगळी झाली. पहिल्या जागेला चार पर्याय, दुसऱ्या जागेला तीन, मग दोन, मग एक. गुणाकार ४×३×२×१ = २४. यालाच ४ फॅक्टोरियल म्हणतात आणि ४! असं लिहितात.

आता खडूचे रंग पुसून टाका. ‘ल, लाल ग, ब, निळा ग’ आणि ‘ल, निळा ग, ब, लाल ग’ या दोन रंगीत मांडण्या होत्या, रंग गेल्यावर दोन्हींचं ‘लगबग’च झालं. असंच प्रत्येक मांडणीचं होतं: तिच्यातल्या दोन ग ची अदलाबदल करून मिळणारी एक जोडीदार मांडणी असतेच, आणि एकच असते. म्हणून २४ रंगीत मांडण्यांच्या दोन-दोनच्या १२ जोड्या पडतात आणि वेगळ्या मांडण्या १२ उरतात. विश्वास बसत नसेल तर या घ्या, शब्दकोशाच्या क्रमानं:

गगबल, गगलब, गबगल, गबलग, गलगब, गलबग, बगगल, बगलग, बलगग, लगगब, लगबग, लबगग.

भागाकार चालला, कारण प्रत्येक गटात नेमक्या तितक्याच, म्हणजे दोनच, मांडण्या होत्या. एखाद्या गटात एक आणि दुसऱ्यात दोन असत्या तर भागून काहीच हाती लागलं नसतं. हे वाक्य डोक्यात ठेवा. पुढं एका प्रश्नात नेमकं तसंच घडणार आहे.

मग ‘कणकवली’च्या किती?

पाच अक्षरं, क दोनदा. ५! = १२०, भागिले २! = ६०.

अक्षर तीनदा आलं तर ३ नं भागायचं का?

नाही, ३! म्हणजे ६ नं. ‘कणकवलीकर’ घ्या: क, ण, क, व, ली, क, र. सात अक्षरांत तीन क. तिन्ही क ना वेगळे रंग दिले, तर बाकीची अक्षरं जागच्या जागी ठेवून त्या तीन जागांवर रंग फिरवण्याचे प्रकार ३×२×१ = ६ होतात. रंग पुसले की त्या सहांची एकच मांडणी उरते. म्हणून उत्तर ७!/३! = ५०४०/६ = ८४०.

अक्षर दोनदाच आलं असेल तर २ आणि २! सारखेच असतात. त्यामुळे ‘जितक्या वेळा आलं तितक्यानं भागा’ असा चुकीचा नियम मनात घेऊनही पहिली दोन-चार गणितं बरोबर येतात. चूक उघडी पडते ती तिसऱ्या क ला.

दोन वेगवेगळी अक्षरं पुन्हा येत असतील तर?

माडाच्या झावळ्यांची सळसळ आपल्याकडे बारमाही असते, तेव्हा ‘सळसळणारा’ घेऊ: स, ळ, स, ळ, णा, रा. सहा अक्षरं, स दोनदा, ळ दोनदा.

इथं मुलं दोन प्रकारे घसरतात. काही जण म्हणतात, पुन्हा येणारी अक्षरं एकूण चार, म्हणून ४! नं भागा. उत्तर येतं ३०. काही जण २! आणि २! यांची बेरीज करतात. नेमकं २+२ आणि २×२ सारखंच असल्यामुळे या शब्दात बेरीज करूनही उत्तर बरोबर येतं. असं बरोबर उत्तर मिळालेल्या मुलाला चूक पटवून देणं फार अवघड जातं. त्याला मी ‘एक अक्षर तीनदा, दुसरं दोनदा’ असा शब्द देतो. तिथं ६+२ आणि ६×२ वेगळे निघतात.

खरा हिशोब असा. कोणतीही एक मांडणी धरा. तिच्यातले स आपापसात २ प्रकारे बदलतात. स कसेही असले तरी ळ आपले स्वतंत्रपणे २ प्रकारे बदलतात. म्हणजे प्रत्येक गटात २×२ = ४ रंगीत मांडण्या. ६!/(२!×२!) = ७२०/४ = १८०.

४! नं भागणाऱ्याला नुसतं ‘सळसळ’ द्या. त्याच्या नियमानं ४!/४! = १, म्हणजे एकच मांडणी. पण ‘सळसळ’ आणि ‘ळसळस’ या दोन तर समोर दिसतात. चूक कुठं आहे तेही दिसतं: ४! नं भागणं म्हणजे स च्या जागी ळ गेला तरी काही बदललं नाही असं मानणं.

भागाकार न करता हेच उत्तर काढता येतं का?

येतं, आणि पडताळ्यासाठी मला हीच वाट जास्त आवडते. सहा रिकाम्या जागा आखा. दोन स कुठल्या दोन जागांवर बसतील ते निवडा: ६×५/२ = १५ प्रकार. उरलेल्या चार जागांतून ळ साठी दोन निवडा: ४×३/२ = ६ प्रकार. राहिलेल्या दोन जागांवर णा आणि रा २ प्रकारे बसतात. १५×६×२ = १८०.

इथं स ची अदलाबदल मोजलीच गेली नाही, त्यामुळे नंतर काढून टाकायचीही वेळ आली नाही. दोन्ही वाटांनी एकच संख्या आली की पुढं जायला हरकत नाही.

मात्रा आणि जोडाक्षरांचं काय करायचं?

आधी ठरवायचं, मग मोजायचं. एकक काय ते ठरवल्याशिवाय मराठी शब्दाला एकच एक उत्तर नाही.

अख्खं अक्षर एकक धरलं तर ‘हरिहरेश्वर’ची अक्षरं सहा: ह, रि, ह, रे, श्व, र. घाईत वाचणारा म्हणतो ह दोनदा, र तीनदा, म्हणून ७२०/(२×६) = ६०. पण रि, रे आणि र ही तीन वेगळी अक्षरं आहेत. ‘रि’ आणि ‘रे’ यांच्या जागा बदलल्या की लिहिलेलं डोळ्यांना वेगळं दिसतं. पुन्हा येतो तो फक्त ह. उत्तर ७२०/२ = ३६०. हाच न्याय लावला तर ‘रत्नागिरी’त (र, त्ना, गि, री) काहीच पुन्हा येत नाही आणि मांडण्या सरळ ४! = २४ होतात.

मात्रा सुटी करून हिंडवायची म्हटलं तर गणित बदलतं. ‘कणकवली’त क, क, ण, व, ल ही व्यंजनं आणि एक दीर्घ वेलांटी, अशी सहा चिन्हं होतात. सूत्र लावलं तर ६!/२! = ३६०. पण वेलांटीला टेकायला तिच्या आधी व्यंजन लागतं, ती शब्दाच्या सुरुवातीला येऊ शकत नाही. सुरुवातीला वेलांटी असलेल्या मांडण्या काढा: वेलांटी पहिल्या जागी पक्की, उरलेल्या पाच व्यंजनांच्या ५!/२! = ६०. राहिल्या ३००. पडताळा लगेच करता येतो: पाच व्यंजनांच्या ६० मांडण्या, आणि प्रत्येकीत वेलांटी पाचांपैकी कुठल्याही व्यंजनाला लागू शकते. ६०×५ = ३००.

म्हणजे एकाच शब्दाला ६०, ३०० आणि ३६० अशी तीन उत्तरं आली, आणि आपापल्या प्रश्नाला तिन्ही बरोबर आहेत. परीक्षकानं एकक सांगितलं नसेल तर उत्तराच्या वर एक ओळ लिहून मोकळं व्हावं: ‘मात्रेसह अक्षर हे एक एकक मानले आहे.’

दोन सारखी अक्षरं शेजारी नको असतील तर?

‘कणकवली’त दोन क शेजारी नकोत. एकूण ६० मधून ‘दोन्ही क शेजारी’ असलेल्या वजा करा. शेजारी ठेवायचे म्हणजे ‘कक’ बांधून एक पुडकं करायचं. मग वस्तू उरल्या चार: कक, ण, व, ली. त्यांच्या मांडण्या २४. उत्तर ६०−२४ = ३६.

इथं सवयीनं २४ ला २ नं गुणलं जातं. पुडक्यातली अक्षरं वेगळी असतील तर ती आतल्या आत फिरतात म्हणून तिथं गुणायचं असतं. ‘कक’ फिरवला तरी ‘कक’च राहतो.

पडताळा असा करा की आधी ण, व, ली मांडा: ६ प्रकार. त्यांच्या आधी, मध्ये आणि नंतर मिळून चार फटी असतात. त्यांतल्या दोन फटींत एकेक क टाका: ४×३/२ = ६ प्रकार. ६×६ = ३६.

अक्षर तीनदा असलं की भाषेकडे लक्ष द्यावं लागतं. ‘कणकवलीकर’मध्ये ‘तिन्ही क एकत्र नकोत’ आणि ‘कुठलेही दोन क शेजारी नकोत’ या दोन वेगळ्या अटी आहेत. पहिलीत ‘ककक’चं पुडकं करून पाच वस्तूंच्या ५! = १२० मांडण्या वजा होतात: ८४०−१२० = ७२०. दुसरीत ण, व, ली, र यांच्या २४ मांडण्या, पाच फटींतून तीन निवडायच्या १० प्रकारे, म्हणून २४×१० = २४०. मधला फरक ४८० चा. त्या मांडण्यांत नेमके दोनच क चिकटलेले असतात आणि तिसरा लांब असतो. अशा गणितात मी वजाबाकीच्या वाटेला जात नाही, फटींची रीत सरळ आहे.

‘सळसळणारा’त मात्र स शेजारी नकोत आणि ळ ही शेजारी नकोत अशी दुहेरी अट असेल तर वजाबाकी लागते. ‘सस’ पुडकं: उरलेल्या पाच वस्तूंत ळ दोनदा, ५!/२! = ६०. ‘ळळ’ पुडकं: तसेच ६०. पण ज्यात ‘सस’ आणि ‘ळळ’ दोन्ही आहेत त्या ४! = २४ मांडण्या दोनदा वजा झाल्या, म्हणून एकदा परत मिळवायच्या. १८०−६०−६०+२४ = ८४.

सगळी न घेता थोडीच अक्षरं घेतली तर? सूत्र तेच ना?

नाही! वर जे वाक्य डोक्यात ठेवायला सांगितलं होतं, ते इथं लागतं.

‘लगबग’मधून दोनच अक्षरं घेऊन किती मांडण्या होतात? सूत्राची सवय झालेला मुलगा लिहितो: चार वेगळ्या अक्षरांतून दोन घेतली तर ४×३ = १२, ग दोनदा म्हणून भागिले २, उत्तर ६. आता हातानं लिहा: लग, गल, बग, गब, लब, बल, गग. सात आहेत.

एक कुठं हरवली ते रंगीत खडू सांगतात. ‘लग’ दोनदा मोजली गेली, एकदा लाल ग घेऊन आणि एकदा निळा घेऊन. गल, बग, गब यांचंही तसंच. ‘गग’सुद्धा दोनदा: लाल-निळा आणि निळा-लाल. पण ‘लब’ आणि ‘बल’ यांत ग च नाही, त्यांना रंगच नाहीत, त्या एकेकदाच आल्या. पाच गट दोनचे आणि दोन गट एकचे: १०+२ = १२. गट समान नाहीत, म्हणून सरसकट २ नं भागून भागत नाही. सगळी अक्षरं घेतो तेव्हा दोन्ही ग प्रत्येक मांडणीत असतातच, म्हणून तिथं गट समान पडतात.

अशा वेळी प्रकार पाडावे लागतात. ‘सळसळणारा’मधून तीन अक्षरं घ्यायची आहेत. वेगळी अक्षरं चार: स, ळ, णा, रा.

तिन्ही वेगळी असतील तर ४×३×२ = २४. दोन सारखी आणि एक वेगळं असेल तर: जोडी स ची किंवा ळ ची, २ पर्याय. तिसरं अक्षर उरलेल्या तीन प्रकारांतलं, ३ पर्याय. आणि अशा तीन अक्षरांच्या मांडण्या ३!/२! = ३. गुणाकार १८. तीनही सारखी असणं शक्य नाही. एकूण २४+१८ = ४२. सवयीच्या सूत्रानं (६×५×४)/४ = ३० आले असते. संख्या पूर्णांकात आहे, नीटनेटकी आहे, आणि चूक आहे.

शब्दकोशाच्या क्रमात माझा शब्द कितवा, हे कसं काढायचं?

‘लगबग’चा क्रमांक काढू. वर्णमालेत ग, मग ब, मग ल. आपला शब्द ल नं सुरू होतो, तेव्हा ग आणि ब नं सुरू होणाऱ्या सगळ्या त्याच्या आधी येतात. ग नं सुरू: उरले ल, ब, ग, सगळे वेगळे, ६ मांडण्या. ब नं सुरू: उरले ल, ग, ग, म्हणून ३. झाल्या ९. पहिलं अक्षर ल, दुसरं ग. ग च्या आधी काही नाही. तिसरं ब. इथं उरलेल्या अक्षरांत (ब, ग) ग हा ब च्या आधीचा, तो ठेवला तर एक मांडणी. एकूण १० आधी, म्हणजे ‘लगबग’ अकरावा. वरच्या यादीत मोजून पाहा.

यात चूक होते ती ‘ग नं सुरू होणाऱ्या’ मोजताना. ग दोन आहेत म्हणून सहा दोनदा धरतात. सुरुवातीला कुठला ग आला यानं शब्द बदलत नाही, ६ एकदाच.

हे आधुनिक गणित आहे का?

भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) ‘अंकपाश’ हे प्रकरण याचंच आहे, फक्त अक्षरांऐवजी अंक आहेत. त्यातलं एक उदाहरण २, २, १, १ या अंकांचं: किती संख्या होतील आणि त्यांची बेरीज किती? संख्या ६, म्हणजे आपली ‘सळसळ’च. दुसरं उदाहरण ४, ८, ५, ५, ५ या अंकांचं. ५!/३! = २०. ‘नवनवीन’ची (न तीनदा, व, वी) रचना हीच, तिच्याही २० मांडण्या.

बेरजेची युक्ती अशी: पाच अंकांची बेरीज २७. वीस संख्यांत प्रत्येक स्थानी, मग ते एकं असो की दशसहस्र, येणाऱ्या अंकांची बेरीज २०×२७/५ = १०८. म्हणून सगळ्या संख्यांची बेरीज १०८×११,१११ = ११,९९,९८८. पहिल्या उदाहरणात तशीच ९,९९९ येते. वीस संख्या लिहून बेरीज करायला कंटाळा येणाऱ्यांना पूर्वीही तोटा नसावा.

कंप्युटरवर उत्तर तपासता येईल का? माझं उत्तर वेगळं का येतं?

पायथॉनमध्ये दोन ओळी पुरतात, पण शब्द सरळ अवतरणात देऊ नका.

```python
from itertools import permutations
print(len(set(permutations(["क", "ण", "क", "व", "ली"]))))
print(len(set(permutations("कणकवली"))))
```

पहिली संख्या 60 येते, दुसरी 360. दुसऱ्या ओळीत कंप्युटर वेलांटीला सुटं चिन्ह मानतो आणि सुरुवातीला वेलांटी असलेल्या मांडण्याही मोजतो. `set` च्या जागी `list` लिहिलंत तर पहिली 120 येईल: पायथॉनच्या दृष्टीनं जागा वेगळी म्हणजे क वेगळा, खडूच्या रंगांसारखाच. सारख्या मांडण्या एकत्र करण्याचं काम `set` करतो.

ही रीत लहान शब्दांपुरतीच वापरा. आधी सगळ्या रंगीत मांडण्या तयार होतात आणि मग गाळल्या जातात, त्यामुळे बारा अक्षरांच्या शब्दाला उत्तर कितीही लहान असलं तरी ४७,९०,०१,६०० मांडण्यांतून जावंच लागतं. वर्गातला जुना कंप्युटर तिथं बराच वेळ अडकून बसतो. तेवढ्या मोठ्या शब्दाला जागा निवडण्याची रीत वहीवर वापरणं जास्त लवकर होतं.